सुकेशनी मॅडमच्या नकाराखालची ओळ

बोरीच्या बसस्टँडवर कुणालाही विचारा, तो सांगेल की सुकेशनी वाव्हळे मॅडमनी तीन जानेवारीला भर स्टेजवर संस्थेच्या अध्यक्षांना नारळ फेकून मारला. ऐकणारा जिंतूरचा असला तर नारळ अध्यक्षांच्या गुडघ्याला लागतो. परभणीचा असला तर थेट कपाळाला लागतो आणि तीन टाके पडतात. एकानं तर टाके घालणाऱ्या डॉक्टरचं नावसुद्धा सांगितलं. चौकशी केली तर तो डॉक्टर जनावरांचा निघाला.

खरं एवढंच, की मॅडम उठल्या तेव्हा मांडीवरचा नारळ घरंगळला, स्टेजवरच्या हिरव्या गालिच्यावरून डुलत डुलत गेला आणि अध्यक्ष दिनकररावांच्या बुटाला टेकून थांबला. फेकाफेकी काही झाली नाही. मॅडमनी त्या दिवशी नकार दिला होता, आणि तो भरलेली कपबशी खाली ठेवावी तसा ठेवला होता. पण बसस्टँडवर चहा घेणाऱ्या माणसाला असल्या नकारात काय चव लागणार? म्हणून नारळ उडाला.

सुकेशनी मॅडम एकोणतीस वर्षांच्या. परभणीला एम.एस्सी. केलं गणितात, जिंतूरला बी.एड. केलं, आणि बोरीत परत येऊन वडिलांनी बांधून दिलेल्या पत्र्याच्या खोलीत अकरावी-बारावीची ट्युशन सुरू केली. सव्वीस पोरं. फळ्याला एका बाजूनं पोपडे आलेले, म्हणून उदाहरण कायम उजवीकडं सुरू होतं. शिकवताना त्यांची एक सवय आहे. गणित शेवटाला आलं की खडू खाली ठेवतात, हात झटकतात आणि विचारतात, "मग काय उरलं?" पोरं वह्यांत बघतात. "काय उरलं, सांगा की." मग कुणीतरी चाचरत उत्तर सांगतं. गणित सुटलं तरी त्या हसत नाहीत, फक्त मान डोलावतात. पण ती मान डोलावलेली दिसावी म्हणून पोरं पाच किलोमीटर सायकल हाणत येतात.

तर डिसेंबरमध्ये गावातल्या संस्थेचे गणिताचे सर सोडून गेले. संस्थेचं नाव लांबलचक आहे, फाटकावर दोन ओळींत मावत नाही, म्हणून गावात नुसतं संस्था म्हणतात. इंग्लिश स्कूल आहे आणि वर सायन्सचं ज्युनियर कॉलेज आहे. अनुदान नाही, पोरांच्या फीवर चालतं. गणिताच्या सरांना हिंगोलीकडं सरकारी नोकरी लागली आणि ते तीन दिवसांत गेले. पुढं बारावीची परीक्षा दीड महिन्यावर.

संस्थेचे मुख्याध्यापक बन्सीधर सर वाव्हळ्यांच्या घरी आले ते स्कूटर लावायच्या आधीच ओरडत आले, "जय भीम, सिद्धोधनराव."

सिद्धोधनराव म्हणजे मॅडमचे वडील. गवंडी मिस्त्री. संस्थेची कंपाउंड भिंत त्यांनीच बांधली आहे. ते बायकोला हळूच म्हणाले, "काम हाय वाटतं. बिनकामाचे असले की नमस्कार म्हणतेत."

बन्सीधर सर खुर्चीत टेकले. त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक पळवाट असते. "मॅडम, एका अर्थानं ही आपलीच संस्था आहे. एका अर्थानं पोरं तुमचीच आहेत. तुम्ही या. गणित सांभाळा."

"यायला आवडंल सर," सुकेशनी म्हणाली. ते खोटं नव्हतं. तिला खरंच आवडणार होतं. पक्की वर्गखोली, मोठा फळा, बोर्डाच्या वर्गाची शिक्षिका म्हणून नाव. पत्र्याखाली एप्रिलमध्ये खडू हातात वितळतो असं वाटतं. आणि गावात सायन्स कॉलेज हे एकच, दुसरं जिंतूरला. ही जागा तिला हवी होती, चार वर्षांपासून हवी होती. "पगार काय राहील?"

"मानधन," सरांनी दुरुस्त केलं. "ते एका अर्थानं आण्णाच सांगतील."

आण्णा म्हणजे अध्यक्ष दिनकरराव. संस्थेचं ऑफिस संस्थेत आहे, पण निर्णय होतात ते आण्णांच्या खताच्या दुकानात. दुसऱ्या दिवशी सुकेशनी तिथं गेली. युरियाच्या गोण्यांच्या थप्पीला लागून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीत आण्णा, दुसरीत त्यांचा मोबाइल चार्जिंगला. मोबाइल उचलून तिला बसायला जागा केली. आण्णा कुठलंही बोलणं एकाच ठिकाणाहून सुरू करतात.

"ते तसं न्हाई, मॅडम," ते म्हणाले. अजून कुणी काहीच बोललं नव्हतं. "आपली संस्था म्हणजे सेवा हाय. मी काय कमवायलो का इथं? माझं दुकान हाय. तर नऊ हजार देऊ. दहा महिने. उन्हाळ्यात शाळाच न्हाई तर पगार कशाचा? आन् ट्युशन तेवढी बंद करा. संस्थेचे मास्तर ट्युशन घेतेत म्हणलं की पालक बोंब मारतेत."

सुकेशनीनं डोक्यात गणित मांडलं. ट्युशनमधून आता महिन्याला पंधरा-साडेपंधरा सुटत होते. ते बंद. हातात नऊ. त्यातही वर्षातले दोन महिने कोरे. मग काय उरलं? चांगला फळा उरला.

"दोन दिवसांत कळवते, आण्णा."

बोरीत "कळवते" म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत आहे. मुलगी बघून गेलेले पाहुणे कळवतो म्हणतात आणि त्यांच्या मुलाला दोन पोरं होतात. पण आण्णांना गेल्या वीस वर्षांत तोंडावर नाही म्हणायची हिंमत कुणी केलेली नव्हती, त्यामुळं त्यांच्या कानाला ती ओळख राहिली नव्हती. त्यांनी "कळवते" ऐकलं आणि खुश होऊन पोऱ्याला न बोलावता स्वतःच चहा ओतला.

घरी मोर्चा काढला तो एकट्या सुलाबाईनं. मॅडमची आई. "नऊ तर नऊ," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "नोकरी म्हनल्यावर नोकरी असती. ट्युशनला काय म्हनायचं लोकान्ला? पत्र्यात बसती म्हनायचं?"

"नोकरीला गेले की घरात सहा हजार कमी येतील, आई."

"इज्जत येती ना."

"इज्जतीत गॅस भरून देतेत का?"

सुलाबाईनं भाकरी तव्यावर जरा जोरात टाकली. तिचा राग कायम भाकरीवर निघतो.

सिद्धोधनराव ओट्यावर बसून थापी घासत होते. पस्तीस वर्षं रेट सांगून काम घेणारा माणूस. त्यांनी थापी खाली ठेवली. मग म्हणाले, "माय, तुझा रेट काय?"

"अठरा. बारा महिने. सकाळची ट्युशन चालू."

"मग तेवढाच सांग. एकदाच सांगायचा. सांगितला की पानी प्यायचं आन् गप बसायचं. न्हाई जमलं तर उठायचं. पर एक ध्यानात ठेव. मी काम सोडून आलो तर थापी उचलून येतो, वाकडं बोलून येत न्हाई. मानिकरावाचं घर मी रेटावर सोडलं व्हतं. दोन वर्षांनी भिंत तडकली तवा मलाच बोलवलं का न्हाई? वाकडं बोललो असतो तर कुन्या तोंडानं बोलवलं असतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकेशनीनं पत्र लिहिलं. आखीव कागदावर, समास सोडून. चार वाक्यं. पहिल्यात आभार. दुसऱ्यात, देऊ केलेल्या मानधनात मला रुजू होणं शक्य नाही. तिसऱ्यात, माझी अपेक्षा अठरा हजार, बारा महिने, आणि सकाळची शिकवणी सुरू ठेवण्याची मुभा. चौथ्यात, पुढे संस्थेच्या बजेटमध्ये बदल झाल्यास पुन्हा भेटून बोलायला मला आनंद होईल. आपली विश्वासू. पत्र पाकिटात घालून तिनं बन्सीधर सरांच्या हातात दिलं आणि घरी येऊन तांब्याभर पाणी प्याली.

पुढं पत्राचं काय झालं, ते तिला नंतर परमेश्वर सरांनी सांगितलं. परमेश्वर सर संस्थेत इतिहास शिकवतात, कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करतात, आणि सहा वर्षं साडेसात हजारांवर आहेत. दरवर्षी त्यांना सांगितलं जातं की पुढल्या वर्षी बघू. ते समोर बसलेले असताना बन्सीधर सरांनी पाकीट फोडलं. पहिलं वाक्य वाचून मान हलवली. दुसरं वाचून पंखा पाचवर केला. तिसरं वाचून पाणी मागितलं. चौथ्यावर आले आणि त्यांचा चेहरा उजळला.

तेवढ्यात आण्णांचा फोन आला. "काय म्हणल्या मॅडम?"

बन्सीधर सर म्हणाले, "आण्णा, एका अर्थानं सकारात्मक आहेत. त्यांनी लिहिलंय," आणि पत्र डोळ्यांजवळ धरून वाचलं, "पुन्हा भेटून बोलायला मला आनंद होईल."

"बघा," आण्णा म्हणाले. "मी म्हणलो नव्हतो? तीन तारखेला सावित्रीबाईंची जयंती हाय. सत्कार लावा. शाल, नारळ, फेटा नको, बाईमाणूस हाय. स्टेजवरच जाहीर करू."

आता हे सत्काराचं प्रकरण नीट समजून घ्यायला पाहिजे. आपल्याकडं ज्याला पैसे द्यायचे नसतात त्याचा सत्कार करतात. परमेश्वर सरांकडं अकरा शाली आहेत. शाल अंगावर पडली, नारळ ओटीत आला, चारशे लोकांनी टाळ्या वाजवल्या, की माणूस त्या कामाला बांधला गेला. सोयरिकीत कुंकू लागल्यावर जसं कुणी मागं फिरत नाही, तसंच. नारळ घेतल्यावर आकड्याचं बोलणं काढणारा आजवर झाला नव्हता.

सुकेशनीला निमंत्रण आलं ते साधं. गावातल्या शिकलेल्या मुलींचा सत्कार. पोस्ट ऑफिसातली एक, नर्सिंगवाली एक, आणि ही. तिला वाटलं पत्र वाचून आण्णांनी मनाला लावून घेतलं नाही, माणूस मोठ्या मनाचा आहे. तिनं निळी साडी नेसली आणि गेली.

मैदानात मांडव. पुढं बायका ताडपत्रीवर, मागं पुरुष खुर्च्यांवर, कारण खुर्च्या पुरुषांनी आधीच धरल्या होत्या. कार्यक्रम बायकांच्या शिक्षणावर होता. सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालून झाला. परमेश्वर सरांनी माइकला दोन टिचक्या मारल्या आणि सूर लावला.

"आजचा हा सोनेरी दिवस. हा चंदेरी क्षण. हे हिरवंगार मैदान." मैदानावर गवताची काडी नव्हती. "ज्यांच्या येण्यानं गणितालाही पालवी फुटते, अशा आदरणीय सुकेशनी वाव्हळे मॅडम यांना मी विनंती करतो."

पोस्टवालीला पालवी नव्हती, नर्सिंगवालीला नव्हती. सुकेशनीला जरा शंका आली. शाल अंगावर पडली. नारळ हातात आला. ती खुर्चीत बसली, आणि आण्णा पुढं आले.

"ते तसं न्हाई," आण्णांनी सुरुवात केली. "लोक म्हणतेत संस्थेत गणिताला मास्तर न्हाई. आज सांगतो. आजपासून सुकेशनी मॅडम आपल्या ज्युनियर कॉलेजला रुजू व्हायल्यात. सेवाभावी वृत्तीनं. टाळ्या."

टाळ्या पडल्या. पहिल्या ओळीत बसलेल्या कडूबाईनं, जिची भक्ती बारावीला होती, दोन्ही हात वर करून वाजवल्या. सुलाबाई ताडपत्रीवर तिच्या शेजारीच होती. तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, पोरीनं आपलं ऐकलं.

सुकेशनीच्या कानात मात्र टाळ्या थांबल्या होत्या. तिनं बन्सीधर सरांकडं पाहिलं. सर मांडवाच्या कापडातली शिवण तपासत होते. आत्ता गप्प बसलं तर उद्यापासून नऊ हजार. आत्ता चिडून बोललं तर ह्या फाटकातून परत कधीच आत येणं नाही, आणि फळा तर अजूनही हवा होता. तिनं आईकडं पाहिलं, आईचे भरलेले डोळे पाहिले.

"मॅडमनी दोन शब्द बोलावेत," परमेश्वर सर म्हणाले आणि माइक पुढं केला. आजही ते शपथेवर सांगतात की ही नेहमीची पद्धत आहे, त्यात दुसरा हेतू नव्हता. सांगताना त्यांच्या मिशा हसतात.

सुकेशनी उठली. नारळ तेव्हाच घरंगळला. तिनं अंगावरची शाल काढली, वर्गात फळ्याचं फडकं घडी करते तशी तिची चौकोनी घडी केली आणि हातावर ठेवली.

"आण्णांनी मला बोलावलं, मान दिला, त्याबद्दल आभार," ती म्हणाली. आवाज वर्गातलाच. "शाल गरम आहे, थंडीत आईला होईल. आता एक राहिलंय. सत्तावीस तारखेला मी बन्सीधर सरांकडं पत्र दिलं होतं. त्यात चार वाक्यं होती. मला वाटतं चौथं तेवढं वाचून झालंय. पहिली तीन वाचायची राहिलीत."

मागं खुर्च्यांमध्ये खसखस पिकली.

"त्यात असं होतं, की संस्थेनं जे देऊ केलं त्यात मला आत्ता येणं जमणार नाही. राग नाही. संस्था चांगली, पोरं चांगली. हिशोब बसत नाही, एवढंच. उद्या संस्थेला वाढवता आलं तर आण्णांनी बोलवावं, मी पुन्हा बसून बोलेन. हे चौथं वाक्य. ते खरं आहे, पण पहिल्या तिन्हींच्या नंतरचं आहे."

"किती देत व्हते?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तो आकडा आण्णांचा आणि माझा," सुकेशनी म्हणाली. "माइकवरचा न्हाई."

मांडवात कुजबुज उठली. आण्णाही कुजबुजले, पण त्यांच्या खिशाला कॉलरचा माइक लावलेला होता आणि तो चालू होता. त्यामुळं पूर्ण बोरीनं ऐकलं.

"बन्सीधर, पत्र कुठं हाय?"

"एका अर्थानं खिशात आहे, आण्णा."

"दुसऱ्या अर्थानं कुठं हाय?"

"त्याच खिशात."

हसण्याची लाट आली ती पार रस्त्यापर्यंत गेली. कडूबाई तेवढी हसली नाही. ती ताडपत्रीवर उभी राहिली. "आण्णा, मग बारावीचं गणित कोन शिकवनार? परीक्षा आली की."

"ते तसं न्हाई," आण्णा म्हणाले, आणि आधी खिशावरचा माइक बंद केला.

घरी सुलाबाई चार दिवस बोलली नाही. भाकऱ्या जाड झाल्या. पाचव्या दिवशी तिनं शाल पेटीतून काढली, अंगावर घेतली आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "सगळ्या गावासमोर रडले मी. कशासाठी रडले ते तरी सांगायचं आदी."

"मलाच माहीत नव्हतं आई, तर तुला काय सांगू?"

"अन् आता ते परत बोलवतेन का?"

रेट सांगून, पाणी पिऊन गप्प बसणं हे वडिलांना सोपं जात असेल. सुकेशनीला फाटकावरून जाताना वर्गातला मोठा फळा खिडकीतून दिसायचा. त्यावर कुणीतरी "गणित ऑफ" लिहून ठेवलं होतं. आपण फार ताणलं का, असं तिला रोज तिथं वाटायचं. फाटक संपलं की वाटणं संपायचं. मग उद्या परत.

इकडं संस्थेत प्रयत्न चालले होते. आधी प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावून गणित शिकवलं. व्हिडिओतला माणूस दिल्लीकडचा, फार वेगात बोलायचा, आणि लाइट गेली की तोंड उघडं ठेवून थांबायचा. मग जिंतूरहून एक नवा पदवीधर आणला. त्यानं दोन तास घेतले, तिसऱ्या तासाला भक्तीनं एक शंका विचारली आणि चौथ्या तासाला तो आला नाही. बारावीची निम्मी पोरं मॅडमच्या पत्र्यात येऊन बसायला लागली. सव्वीसाचे एकोणचाळीस झाले.

पण आण्णांना खरा ताप झाला तो आकड्याचा. आकडा सांगितला नाही म्हणून गावानं तो स्वतः काढला. निम्मं गाव म्हणालं, दोन हजार देत होता, लाज वाटायला पाहिजे. उरलेलं निम्मं म्हणालं, चाळीस हजार देत होता, बाईच ताठ. त्यामुळं दुकानात युरिया घ्यायला आलेला एक पालक विचारायचा, "आण्णा, दोन हजारांत माणूस मिळतो का?" आणि त्याच्या मागचा विचारायचा, "आण्णा, चाळीस द्यायला हायत, मग आमची फी कामून वाढवता?" आण्णा दोघांनाही एकच सांगायचे, "ते तसं न्हाई." पण मग कसं, ते सांगायची सोय नव्हती. नऊ हजार म्हणावं तर तेही काही अभिमानानं सांगण्यासारखं नव्हतं.

बारा जानेवारीला, रविवारी दुपारी, खोलीत जादा तास चालू असताना आण्णांची गाडी वाव्हळ्यांच्या दाराशी थांबली. बरोबर कुणी नाही. शाल नाही, नारळ नाही. खुर्चीत बसून ते आधी कापसाच्या भावावर बोलले, मग भिंतीवर बोलले, "सिद्धोधन, कंपाउंडला अजून एक चीर न्हाई गेली बघ." मग थंडीवर. चहा आला, अर्धा झाला.

"मॅडम, तुमी आकडा सांगितला न्हाई," ते कपात बघत म्हणाले. "सांगितला असता तर माझी पुरती शोभा झाली असती. म्हणून आलो. दुसरं कुणी असतं तर आलो नसतो."

"आकडा तुमचा होता, आण्णा."

"पंधरा करतो. बारा महिने. ट्युशन मात्र बंद."

सुलाबाईच्या हातातलं झाकण पातेल्यावर पडलं. सुकेशनीच्या मनात आलं, आता हो म्हणून टाकावं. नवाचे पंधरा झाले, आण्णा स्वतः दारात आले, याहून काय मागायचं? तिनं मनात खडू खाली ठेवला. ट्युशनचेच पंधरा-साडेपंधरा होते, आणि आता तर एकोणचाळीस पोरं. ट्युशन बंद करून पंधरा घ्यायचे. काय उरलं? पुन्हा फळाच.

"तुम्ही आलात, बरं वाटलं," ती म्हणाली. "पण पंधरात न्हाई जमणार. माझं तेच आहे, अठरा आणि सकाळची ट्युशन. तुमचं बजेट हललं तर परत या. मी हाय इथंच."

आण्णांनी कप खाली ठेवला. "हे वाक्य आता माझं पाठ झालंय," ते म्हणाले. चिडले होते की नव्हते, कळलं नाही. चपला घातल्या. गाडी वळवताना त्यांनी खोलीच्या पत्र्याखालच्या एकोणचाळीस चपलांच्या जोड्या पाहिल्या, आणि गाडी जरा जास्त वेळ मागंपुढं केली.

सुलाबाई दारात उभी होती. "गेला," ती म्हणाली. "दोनदा आलेला माणूस तिसऱ्यांदा येत न्हाई."

"एकदाच आलाय," सिद्धोधनराव म्हणाले. "पयल्यांदा त्यानं बोलवलं व्हतं. ते धरायचं नसतंय."

त्याच आठवड्यात परमेश्वर सर मॅडमकडं येऊन गेले. दारातच उभे राहिले. कार्यक्रमातला सूर नव्हता, साधे बोलले. "मॅडम, काल मी आण्णांना बारा मागितले. साडेसातवरून. ह्याआधी मागायचे असतात हेच सुचलं नव्हतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ते तसं न्हाई. मग म्हणाले, दहा."

"मग?"

"मी म्हणलो, विचार करून कळवतो." परमेश्वर सरांनी विचारलं, "बरोबर म्हणलो ना?"

सुकेशनीनं मान डोलावली. सर पायरी उतरताना शीळ घालत गेले.

अठरा जानेवारी, शनिवार. सकाळची ट्युशन सुटायला दहा मिनिटं होती. आण्णा गाडीतून उतरले, चपलांच्या ढिगातून वाट काढत खोलीच्या दारात आले आणि तिथंच उभे राहिले. मॅडम फळ्यावर होत्या. त्यांनी थांबा अशी खूण केली. आण्णा थांबले. संस्थेचे अध्यक्ष, वीस वर्षांत कुणासाठी न थांबलेले, पत्र्याच्या सावलीत इंटिग्रेशनचं एक उदाहरण संपेपर्यंत उभे राहिले. उदाहरण संपलं, मॅडमनी हात झटकले आणि सवयीनं विचारलं, "मग काय उरलं?"

"सतरा," आण्णा दारातून म्हणाले. "जूनपासून अठरा. बारा महिने. सकाळची ट्युशन चालू द्या."

पोरं वळून बघायला लागली. मॅडमनी खाली ठेवलेला खडू पुन्हा उचलला. नंतर पोरांनी पुष्कळ वाद घातला, पण पुढल्या बाकावरची भक्ती ठाम आहे की मॅडम तेव्हा हसल्या, आणि चांगल्या दात दिसेपर्यंत हसल्या.

"लेखी द्या, आण्णा."

"देतो. बन्सीधरकडून न्हाई, मी स्वतः देतो. पर एक अट हाय. स्टेजवर परत माइक हातात घ्यायचा न्हाई."

"माइक तुमच्याच सरांनी दिला होता."

"ते तसं न्हाई," आण्णा म्हणाले, आणि ह्या वेळी तेही हसले.

सोमवारी त्या रुजू झाल्या. फळ्यावरचं "गणित ऑफ" त्यांनीच पुसलं. सुलाबाई सकाळी डबा द्यायच्या निमित्तानं फाटकापर्यंत गेली होती. डबा मॅडमच्या पिशवीत आधीच होता.

आता माझ्या आणि मॅडमच्या पैजेचं. बारा तारखेला आण्णांची गाडी गल्लीतून बाहेर पडली तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होतो आणि मोठ्यानं म्हणालो होतो की आता आण्णा काही परत येत नाहीत. परत फळ्याशी आलेल्या मॅडम न वळता म्हणाल्या, "पुढच्या रविवारच्या आत येतील. पैज?" ते न आले तर मला तासाला कुणाच्याही नकला करायची, आवाज काढायची परवानगी. आले तर महिनाभर एकही आवाज बंद, आण्णांचा नाही, बन्सीधर सरांचा नाही, खुद्द मॅडमचा तर मुळीच नाही. आज नववा दिवस आहे. तोंडानं बोलायला मनाई आहे, लिहायला नाही, हे मी मॅडमना विचारून घेतलंय. त्या म्हणाल्या, लिहून झालं की शुद्धलेखन तपासायला आणून दे.